किळस आणि नीती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी मानसशास्त्र शिकवते. किळस हा विषय निघाला की वर्गात आधी खसखस पिकते, आणि तास संपल्यावर कुणीतरी मागे रेंगाळून हळूच घरातल्या वेगळ्या ठेवलेल्या कपाबद्दल विचारतं. गेल्या काही वर्षांत पुन्हापुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत.

किळस ही पोटाची गोष्ट. तिचा नीतीशी काय संबंध?

आपण बोलतो तेव्हाच तो संबंध उघड होतो. विधवा पेन्शनसाठी लाच मागणाऱ्याबद्दल ऐकलं की आपण म्हणतो, "शिसारी आली." कुणी मित्राला फसवलं की तो "घाणेरडा माणूस". आणि एखाद्याचं वागणं पसंत पडलं नाही की आपण नाक मुरडतो. तिथे नाकाला वास तर काहीच आलेला नसतो.

हे नाक मुरडणं नुसतं बोलण्यापुरतं आहे का, हे टोरांटोमधल्या हॅना चॅपमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली तपासलं. वरचा ओठ उचलणारा आणि नाकाच्या बाजूला सुरकुत्या पाडणारा एक स्नायू असतो. त्याची हालचाल त्यांनी त्वचेवर विद्युतअग्रं चिकटवून मोजली. लोकांना कडू द्रव प्यायला दिले तेव्हा तो स्नायू आकसला, घाणीची चित्रं दाखवली तेव्हाही आकसला. मग पैसे वाटून घेण्याच्या खेळात समोरच्यानं मोठा वाटा स्वतःकडे ठेवून यांच्यापुढे चिल्लर सरकवली, आणि तेव्हाही तोच स्नायू हलला. अन्यायाला चेहऱ्यानं दिलेलं उत्तर कडू घोटाला दिलेल्या उत्तरासारखंच होतं.

मुळात किळस कशाची येते? घाणीची, जंतूंची?

सुरुवात तिथूनच झाली असणार. सडलेलं अन्न, विष्ठा, पू, प्रेत यांपासून जो लांब राहिला तो रोगापासून वाचला. पण किळस जंतू मोजत नाही, आणि या विषयाची खरी गंमत तिथे आहे.

पेनसिल्व्हेनियातले पॉल रोझिन यांनी १९८० च्या दशकात केलेले प्रयोग आजही शिकवले जातात. रसाच्या ग्लासात मेलेलं झुरळ बुडवून काढायचं. झुरळ आधी निर्जंतुक केलेलं आहे, त्यानं काहीही होणार नाही, हे आधीच सांगायचं. तरी लोक तो रस पीत नाहीत. त्यांना जंतूंची भीती वाटत असती तर निर्जंतुक शब्द ऐकून ती जायला हवी होती.

मी वर्गात याचंच सौम्य रूप करते. औषधाच्या दुकानातून नवंकोरं बेडपॅन आणते, सगळ्यांसमोर त्याचं प्लॅस्टिक फाडते आणि त्यात घरून आणलेलं ताक ओतते. ताकच घेते, सरबत नाही, कारण रंगावरून शंका नको. बेडपॅन आजवर कुणी वापरलेलं नाही, कपाटातल्या स्टीलच्या पेल्यापेक्षा ते कदाचित स्वच्छच असेल. तरी प्यायला दोन-तीनच हात वर होतात, आणि ज्यांचे होतात तेही पहिल्या घोटाला डोळे मिटून घेतात.

यातून दोन नियम दिसतात. पहिला, एकदा स्पर्श झाला की कायमचा झाला: किती वेळ, किती प्रमाणात, याला महत्त्व नाही. दुसरा, जे घाणीसारखं दिसतं तेही घाणच: बेडपॅनचा आकार पुरेसा होतो. रोझिन यांनी हेच पुढे माणसांवर नेऊन पाहिलं. हिटलरनं घातलेला स्वेटर धुऊन, निर्जंतुक करून दिला तरी अंगात घालायला लोक तयार होत नाहीत. दुष्टपणा लोकरीत मुरल्यासारखा त्यांना वाटतो. शारीरिक डाग आणि नैतिक डाग मनात एकाच रीतीनं पसरतात, आणि किळस नीतीत शिरते ती याच दारातून.

मग उष्टं? आईला मुलाचं उष्टं चालतं, दुसऱ्याचं नाही.

हा प्रश्न एका विद्यार्थिनीनं विचारला तेव्हा मला माझं अर्धं व्याख्यान तिथेच सापडलं. तोंडातली लाळ आपण दिवसभर गिळत असतो. तीच पेल्यात थुंकून परत प्यायला सांगितली तर? मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५५ मध्ये सुचवलेला हा मनातल्या मनात करायचा प्रयोग आहे. पदार्थ तोच, माणूसही तोच, बदलली फक्त हद्द.

आणि हद्द कुठे आखायची हे नातं ठरवतं. ऑस्ट्रेलियात ट्रेव्हर केस आणि सहकाऱ्यांनी २००६ साली आयांना बाळांचे लंगोट वास घेऊन पारखायला सांगितले. आपल्या बाळाचा लंगोट त्यांना दुसऱ्याच्या बाळापेक्षा कमी घाण वाटला, अगदी डब्यांवरच्या चिठ्ठ्या बदलून टाकल्या तरीसुद्धा. लोककथेतल्या शबरीची उष्टी बोरं रामानं खाल्ली हे आपण इतक्या प्रेमानं सांगतो, कारण ती हद्द तिथे पुसली गेली हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला कळतं. ज्याचं उष्टं चालतं तो आपला, आणि ज्याचा नुसता पेलाही चालत नाही तो परका.

महाडच्या चवदार तळ्याचं उदाहरण तुम्ही नेहमी देता. त्यात किळस कुठे आली? तो तर हक्काचा प्रश्न होता.

हक्काचाच होता. पण त्या हक्काच्या आड जे उभं होतं ते तपशिलात पाहिलं, तर किळसेचा वर सांगितलेला पहिला, स्पर्शाचा नियम तिथे सापडतो.

सीताराम केशव बोले यांच्या ठरावामुळे १९२३ मध्ये मुंबई कायदे मंडळानं सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले केले होते. महाड नगरपालिकेनंही १९२४ मध्ये तळं खुलं असल्याचा ठराव केला. कागदावर सगळं मोकळं होतं, पण पाण्याला हात लावायची सोय नव्हती. २० मार्च १९२७ रोजी परिषदेला जमलेले लोक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांसोबत तळ्याकडे गेले. बाबासाहेबांनी ओंजळभर पाणी प्यायलं, मागोमाग बाकीच्यांनी. काही वेळानं, हे लोक आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी आवई उठली आणि परत निघालेल्या लोकांवर हल्ला झाला.

आता यापुढचं नीट पाहा. सनातन्यांनी तळ्याची शुद्धी केली: १०८ घागरी, आणि त्यांत दूध, दही, शेण, गोमूत्र. म्हणजे माणसाच्या ओंजळीनं बाटलेलं पाणी जनावराच्या शेणामुतानं शुद्ध झालं. त्या तळ्यावर इतर धर्मांचे लोक येत, गुरंढोरं आणि पाखरंही पीत. बाबासाहेबांनी त्याच वर्षी डिसेंबरमधल्या परिषदेत हे बोलून दाखवलं. पाण्यात मिसळणाऱ्या कुठल्याही पदार्थाचा हिशेब मांडला तर हा निवाडा जुळतच नाही.

तो जुळतो विटाळाच्या हिशेबानं. एका ओंजळीनं अख्खं तळं बाटतं: प्रमाणाला किंमत नाही, झुरळासारखंच. विटाळ साबणानं जात नाही, विधीनं जातो: धुतलेल्या स्वेटरसारखंच. आणि तो नेहमी खालून वर चढतो. वरच्या जातीच्या माणसानं पाण्याला हात लावला म्हणून खालच्या जातीचा माणूस शुद्ध झाला, असं कधी घडत नाही. शुद्धता हलक्यानं निघून जाते, विटाळ मात्र चिकटून राहतो. सनातन्यांना वाटणारी किळस खोटी होती असं मी म्हणत नाही, काहींना खरंच मळमळलं असेल. मळमळ खरी असणं आणि निवाडा खरा असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढंच मला त्या घागरींतून दिसतं.

पुढे नगरपालिकेनं आपला ठराव मागे घेतला, प्रकरण कोर्टात गेलं. अनादी काळापासून चालत आलेली रूढी असल्याचं सिद्ध होत नाही, असं म्हणत मुंबई उच्च न्यायालयानं १७ मार्च १९३७ रोजी बाबासाहेबांच्या बाजूनं निकाल दिला. ओंजळीपासून निकालापर्यंत तीन दिवस कमी दहा वर्षं गेली.

मासिक पाळीचा विटाळही असाच का?

हो. "कावळा शिवला" या शब्दांतच सगळं आहे: शिवणं, म्हणजे स्पर्श, आणि तिथून पसरणारा दोष. टोमी-अ‍ॅन रॉबर्ट्स आणि सहकाऱ्यांनी २००२ साली अमेरिकेत एक साधा प्रयोग केला. एका तरुणीच्या पिशवीतून कधी केसांची क्लिप पडायची, कधी न वापरलेला टॅम्पॉन. टॅम्पॉन पडला तेव्हा पाहणाऱ्यांनी तिला कमी हुशार आणि कमी आवडण्याजोगी ठरवलं. तिनं काहीही केलं नव्हतं, आणि टॅम्पॉनही कोरा होता.

दुर्गंधीत बसवलं तर माणूस जास्त कठोर न्याय करतो, असं वाचलं होतं. खरं आहे का?

मीही हे काही वर्षं वर्गात ठासून सांगत होते. आता सांगत नाही.

मूळ गोष्ट अशी. २००५ मध्ये थालिया व्हीटली आणि जोनाथन हाइट यांनी संमोहनाखाली लोकांच्या मनात एका साध्या शब्दाशी किळस जोडली. मग तो शब्द असलेल्या गोष्टी वाचायला दिल्या. त्यांतली एक गोष्ट डॅन नावाच्या विद्यार्थी प्रतिनिधीची होती. तो चर्चेसाठी सगळ्यांना रस वाटेल असे विषय निवडतो, बस्स. तरीही ज्यांच्या पोटात तो शब्द वाचून ढवळलं त्यांतल्या काहींना डॅनमध्ये खोट दिसली. याचं काहीतरी चाललंय, अशा धर्तीची कारणं त्यांनी दिली. २००८ मध्ये सिमोन श्नाल यांच्या गटानं घाण वासाचा फवारा, मळकं टेबल असे उपाय वापरले आणि त्यामुळे लोक कठोर होतात असं दाखवलं. २०११ मध्ये कडू पेयानंही तेच होतं असं एका गटानं लिहिलं.

नंतर इतरांनी हे प्रयोग पुन्हा करून पाहिले, तेव्हा बांधकाम डळमळलं. जस्टिन लँडी आणि जेफ्री गुडविन यांनी २०१५ मध्ये छापलेले आणि न छापलेले अनेक प्रयोग एकत्र तपासले. परिणाम अगदीच किरकोळ निघाला. ज्यांत काही सापडलं तेच निबंध छापले जातात हे लक्षात घेऊन हिशेब केला, तर तोही उरला नाही. कडू पेयाचा प्रयोग अकरा ठिकाणी मिळून हजारावर लोकांवर केला गेला, २०२० मध्ये त्याचा निष्कर्ष आला: फरक नाही.

म्हणून हे दोन दावे वेगळे ठेवा. खोलीतल्या कचऱ्याच्या वासामुळे न्यायाधीश कडक शिक्षा देतील, याला आधार उरलेला नाही. पण ज्या कृत्याची, ज्या माणसाची आपल्याला किळस येते त्याच्याबद्दलचं आपलं मत त्या किळसेनं रंगतं, हे महाडपासून टॅम्पॉनपर्यंत दिसतं. भटकी किळस कुठेही जाऊन चिकटत नाही, विषयाशी बांधलेली किळस घट्ट चिकटते.

मला आलाय तो राग आहे की किळस, हे ओळखायचं कसं?

लोक बोलताना दोन्ही शब्द एकमेकांच्या जागी वापरतात. "किळस आली" म्हणणारा पुष्कळदा संतापलेला असतो. पण ओळखायची एक चांगली कसोटी आहे, पास्कल रसेल आणि रॉजर गिनेर-सोरोला यांच्या संशोधनातून मी ती घेतली: हेतू बदलला तर भावना बदलते का?

समजा, सोसायटीच्या गच्चीवरच्या टाकीत कुणीतरी लघवी केली. सगळे भडकतात. मग कळतं की चौथ्या मजल्यावरचा पाच वर्षांचा मुलगा खेळता खेळता वर गेला होता, त्याला टाकी काय हेच माहीत नव्हतं. राग तिथल्या तिथे उतरतो. किळस मात्र उतरत नाही. टाकी रिकामी केली, पावडर टाकून घासली, नवं पाणी भरलं, तरी दोन दिवस नळाचं पाणी घशाखाली जात नाही. राग विचारतो, कुणी, कशासाठी, कुणाचं काय गेलं? किळस फक्त विचारते, स्पर्श झाला की नाही?

दोघांना हवं तेही वेगळं असतं. रागाला जाब हवा असतो, माफी किंवा भरपाई चालते. किळसेला समोरचा माणूस दूर हवा असतो. आपल्याकडे त्यासाठी तयार शब्द आहे: वाळीत टाकणं. त्याविरुद्ध महाराष्ट्राला २०१६ मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा करावा लागला. वाळीत टाकलेल्या कुटुंबानं दंड भरला, पाया पडलं, तरी शेजारी पाणी भरताना कळशी बाजूला ओढून घेतात. तिथे राग केव्हाच संपलेला असतो.

पण कुणाचंच नुकसान नसलं तरी काही गोष्टी चूकच असतात ना?

१९९३ साली हाइट आणि सहकाऱ्यांनी अमेरिका आणि ब्राझीलमधल्या लोकांना एक गोष्ट सांगितली. एका कुटुंबाचा पाळीव कुत्रा गाडीखाली मरतो. त्यांनी ऐकलेलं असतं की कुत्र्याचं मांस चविष्ट असतं. ते त्याला शिजवून खातात. कुणी पाहत नाही. चूक आहे का?

फिलाडेल्फियातल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांतले बहुतेक म्हणाले, किळसवाणं आहे, पण त्यांचा प्रश्न. ब्राझीलमधल्या गरीब वस्तीतल्या बहुतेकांनी मात्र ते चूक ठरवलं, थांबवायला हवं म्हणाले. म्हणजे किळस आली की चूक म्हणायचंच, असा काही शरीराचा नियम नाही. मधे समाज उभा असतो, तो ठरवतो की या किळसेचा निवाडा करायचा की नाही.

अशा प्रश्नांत लोक अनेकदा आधी नुकसान शोधतात: आजारी पडतील, मुलांवर परिणाम होईल. ती वाट बंद केली की म्हणतात, "ते मला सांगता येणार नाही, पण चूक आहे." हाइट यांनी यावरून कारणं नंतर जोडली जातात असं मांडलं. एडवर्ड रॉयझमन यांनी त्यावर आक्षेप घेतला की लोकांना नुकसान नाही हे मुळात पटलेलंच नसतं. मला हा आक्षेप दमदार वाटतो. तरी मी विद्यार्थ्यांना एक सवय लावते. कारण सांगून झालं की विचारते, हे कारण खोटं ठरलं तर मत बदलाल? "नाही" असं उत्तर आलं, तर ते मत त्या कारणावर उभं नव्हतं.

कायद्यात किळसेला जागा असावी का?

माझं मत स्पष्ट आहे: नसावी. १९९७ मध्ये अमेरिकी विचारवंत लिओन कास यांनी क्लोनिंगविरुद्ध लिहिताना किळसेत शब्दांत न येणारं शहाणपण असतं असं मांडलं. तत्त्वज्ञ मार्था नुसबॉम यांनी याच्या नेमकं उलट दाखवलं, की किळस इतिहासात वारंवार दुबळ्या गटांवर फेकली गेली आहे. आपल्याकडे समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या तेव्हाच्या कलम ३७७ च्या खटल्यात हा वाद प्रत्यक्ष कोर्टात आला. दिल्ली उच्च न्यायालयानं २००९ मध्ये म्हटलं की लोकांना नापसंत आहे एवढ्यानं गुन्हा ठरत नाही, तिथे संवैधानिक नीती लागते. सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये तो निकाल फिरवला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पुन्हा मान्य केला. संवैधानिक नीती हा शब्द भारतीय चर्चेत आणला तो संविधान सभेतल्या ४ नोव्हेंबर १९४८ च्या भाषणात, चवदार तळ्याचं पाणी प्यायलेल्या त्याच माणसानं.

हागणदारीमुक्तीसाठी तर किळसच वापरली. ते चूक होतं का?

त्यातलं एक तंत्र मला फार पटतं. कमल कर यांनी २००० च्या सुमारास बांगलादेशात सुरू केलेल्या पद्धतीत कार्यकर्ता पाण्याचा ग्लास पुढे करतो, लोक पितात. मग तो केस विष्ठेला लावून त्याच ग्लासात बुडवतो आणि म्हणतो, आता प्या. कुणी पीत नाही. माशीला सहा पाय असतात, आणि ती तुमच्या ताटावर बसते, एवढंच तो पुढे सांगतो. इथे किळस खऱ्या धोक्याला जोडलेली आहे आणि सगळ्यांना सारखी लागू आहे, सांगणाऱ्यालासुद्धा.

पण आपल्याकडे पहाटे शिट्ट्या मारत फिरणारी गुड मॉर्निंग पथकंही होती. ती बसलेल्या माणसाला उठवत, त्याला गुलाबाचं फूल देत, फोटो काढत. तिथे किळस विष्ठेवरून उचलून माणसावर ठेवली. ज्याच्या घरात शौचालयाला जागा नाही, पाणी नाही, तीच बाई त्या फोटोत सापडली. शिवाय गटारात उतरणाऱ्या सफाई कामगाराचं काय? गाव स्वच्छ झाल्याचं श्रेय त्याला मिळत नाही, वास मात्र त्याच्या नावाला चिकटतो.

किळस कमी करता येते का?

येते, पण नेमक्या त्याच गोष्टीच्या सवयीनं. रोझिन यांनी २००८ मध्ये शवविच्छेदन करणाऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांकडे पाहिलं. काही महिन्यांनी त्यांची थंड प्रेताला हात लावण्याची आणि कापलेल्या-फाटलेल्या शरीराची किळस कमी झाली होती. बाकी प्रकारच्या गोष्टींची किळस होती तेवढीच राहिली. म्हणून समतेवरची भाषणं ऐकून कपाची किळस जात नाही, ती जाते कपानंच.

आमच्या घरी भांडी घासायला येणाऱ्या मावशींचा कप गॅलरीत खिळ्याला टांगलेला असायचा, कान तुटका. आई गेल्यावर मी तो काढून टाकला आणि मावशींना आमच्याच चारातल्या एका कपात चहा दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच कप माझ्या हातात आला. तो त्यांनीच घासलेला होता, माझ्यापेक्षा स्वच्छ. तरी ओठाला लावताना वरचा ओठ आपोआप उचलला गेला, आणि मी वीस वर्षं वर्गात ज्या स्नायूबद्दल बोलत होते तो मला माझ्या चेहऱ्यावर जाणवला. मी चहा प्यायले. पंधरा-वीस दिवस ते असंच होत राहिलं, रोज थोडं कमी. आता चारांतला कुठला कप कुणी वापरला होता, हे मला आठवत नाही.